रोज प्रार्थना म्हणणाऱ्या ज्येष्ठांसाठी व्हिडिओ: मोठ्या अक्षरांची, संथ गतीची संहिता कशी लिहावी

ज्येष्ठ प्रेक्षकांसाठी भक्तिपर व्हिडिओ तयार करायला बसलेली नवी व्यक्ती बहुधा असे गृहीत धरते की समोरची आजी किंवा आजोबा पडद्यावरचा मजकूर वाचत आहेत, म्हणून अक्षर मोठे केले आणि आवाज थोडा सावकाश ठेवला की काम झाले. मीही हेच गृहीत धरून पहिली संहिता लिहिली आणि तयार झालेला व्हिडिओ माझ्या मावशीला दाखवला. तिचे वय तेव्हा ७८ होते आणि सकाळची प्रार्थना तिने एकही दिवस चुकवलेली नव्हती. तिने फोन मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीपर्यंत आवाज तिच्या पुढे निघून गेला, मग तिचे शब्द थांबून नुसता गुणगुणाट उरला आणि शेवटी डोळे उघडून ती म्हणाली, "अगं, तुझा देव फार घाईत आहे."

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. रोज पाहणारा प्रेक्षक हा मुळात पाहणारा नसून म्हणणारा असतो, त्यामुळे व्हिडिओत त्याच्या आवाजासाठी जागा राखावी लागते. दुसरे असे की पडद्यावरची अक्षरे त्याला सलग वाचायची नसतात. विस्मरण होते त्या क्षणी तो डोळे उघडतो, आणि त्या एका क्षणात त्याला आपली ओळ सापडली पाहिजे. पुढची सगळी कृती याच दोन गोष्टींवर उभी आहे. उदाहरणासाठी मी स्वतः रचलेल्या दोन ओव्यांची सकाळची प्रार्थना घेतली आहे.

उजाडले दारी । तुझ्या कृपे देवा ।
घडो तुझी सेवा । आजही रे ॥

थकलेले गात्र । थकले ना मन ।
तुझे हे स्मरण । पुरे मज ॥

पहिली पायरी: मजकूर पाट्यांमध्ये तोडणे

संहिता परिच्छेदांत न लिहिता पाट्यांमध्ये लिहावी. पाटी म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारा मजकूर. एका पाटीवर दोन ओळी असाव्यात, आणि एका ओळीत बारा-तेरा अक्षरांहून जास्त अक्षरे नसावीत. ही मर्यादा कुठून आली, हे समजून घेतले तर ती पाळावीशी वाटते. बहुतेक ज्येष्ठ मंडळी फोन आडवा करत नाहीत. उभ्या फोनवर आडवा व्हिडिओ जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद दिसतो. १९२० पिक्सेल रुंदीची चौकट त्या ७ सेंटिमीटरांत बसते, तेव्हा १७५ पिक्सेलचे अक्षर साधारण ६.४ मिलिमीटरचे, म्हणजे छापील भाषेत १८ पॉइंटचे होते. मोठ्या टाइपात छापलेल्या पुस्तकांचे अक्षर याच्याच आसपास असते. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर काम करताना १७५ पिक्सेलचे अक्षर अवाढव्य आणि थोडे बटबटीत वाटते, आणि तिथेच हात आखडतो. तो आखडू देऊ नये. या आकारात दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडली की एका ओळीत बारा-तेरा अक्षरेच बसतात. आपल्या प्रार्थनेतील 'उजाडले दारी तुझ्या कृपे देवा' ही ओळ बरोबर बारा अक्षरांची आहे, म्हणून एक ओवी एका पाटीवर सहज बसते.

ओळ कुठे तोडायची, हे अक्षरे मोजून ठरवू नये; ते श्वास आणि यती, म्हणजे ओळीतली थांबण्याची जागा, पाहून ठरवावे. संपादनाचे सॉफ्टवेअर स्वतःहून ओळ तोडते तेव्हा 'तुझ्या कृपे' एका ओळीत आणि 'देवा' दुसऱ्या ओळीत जाते, आणि म्हणणारा माणूस नेमका तिथे अडखळतो. म्हणून प्रत्येक ओळीचा शेवट संहितेतच स्वतः टाकावा. स्तोत्रातील लांब समास बारा अक्षरांत मावत नसेल, तर अक्षर लहान न करता तो समास पदांच्या सांध्यावर थोडी जागा सोडून दोन ओळींत लिहावा.

छापील पुस्तकात दंड शोभून दिसतो, पण पडद्यावर मी तो काढून टाकते. कमी दिसणाऱ्या डोळ्यांना शब्दाशेजारचा एकेरी दंड काना वाटतो आणि 'देवा' नंतर आणखी काहीतरी आहे, असा भास होतो. यतीच्या ठिकाणी नेहमीच्या दुप्पट मोकळी जागा सोडली, तर तेच काम अधिक स्वच्छपणे होते.

दुसरी पायरी: आवाजाआधी अक्षर, आवाजानंतर जागा

आता प्रत्येक पाटीची वेळ लिहायची. नवखे लोक संहितेत फक्त बोलायचा मजकूर लिहितात आणि शांततेची वेळ संपादनावर सोडतात. संपादन करणाऱ्याला मात्र रिकामी जागा दिसली की ती कापावीशी वाटते. म्हणून शांतता हीसुद्धा संहितेतील ओळच समजून सेकंदांसह लिहावी. पहिल्या ओवीची पाटी मी अशी लिहिते:

पाटी २
अक्षरे: उजाडले दारी तुझ्या कृपे देवा / घडो तुझी सेवा आजही रे
० ते २ सेकंद: दोन्ही ओळी दिसतात, आवाज नाही.
२ ते ७: पहिली ओळ उजळते, आवाज ती ओळ म्हणतो.
७ ते १३: पहिली ओळ उजळलेलीच राहते, आवाज नाही. प्रेक्षक म्हणतात.
१३ ते १७: दुसरी ओळ उजळते, आवाज ती ओळ म्हणतो.
१७ ते २२: दुसरी ओळ उजळलेली राहते. प्रेक्षक म्हणतात.
२२ ते २४: पाटी तशीच, शांतता.

यातला महत्त्वाचा हिशोब असा की प्रेक्षकासाठी सोडलेली जागा आवाजाच्या ओळीपेक्षा एक सेकंद जास्त आहे. म्हणणाऱ्याला आधी आवाज संपल्याची जाणीव होते, मग तो श्वास घेतो आणि मग सुरू करतो. तो श्वास या एका सेकंदात बसतो. जागा तेवढ्याच लांबीची ठेवली तर ओळीचे शेवटचे दोन शब्द पुढच्या आवाजाखाली दबतात, आणि रोज दबले की म्हणणारा ते शब्द सोडूनच देऊ लागतो. जागा फार मोठी ठेवली तर उलटे होते: फोन बंद पडला की काय, असे वाटून हात पडद्याकडे जातो. आवाजाच्या दुपटीहून लांब जागा मी कधीच ठेवत नाही.

सुरुवातीची दोन सेकंदे सोडण्याचे कारण सोपे आहे. अक्षर आणि आवाज एकाच क्षणी आले, तर डोळे ओळ शोधेपर्यंत पहिला शब्द निघून जातो. आवाज आधी आणि अक्षर मागून आले, तर त्याहून वाईट.

गतीबद्दल एक गैरसमज इथेच दूर करते. संथ म्हणजे ताणलेले नव्हे. नेहमीच्या वेगात ध्वनिमुद्रण करून ते संपादनात पाऊणपट वेगावर आणले, तर स्वर लांबतात आणि व्यंजने पसरून अस्पष्ट होतात. वाढत्या वयात आधी उंच पट्टीच्या ध्वनींचे ऐकू येणे कमी होते, आणि 'स', 'श', 'त', 'क', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्या उंच भागातच असते. म्हणून ज्येष्ठ माणूस "आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत" अशी तक्रार करतो. अशा कानांना ताणलेला आवाज काहीच मदत करत नाही. शब्द स्वाभाविक उच्चारात म्हणावेत आणि वेळ शब्दांच्या मधे घालवावा. संहितेत मी यतीच्या जागी चक्क 'थांबा' असा शब्द लिहिते, कारण मुद्रणाच्या वेळी नुसती मोकळी जागा नजरेतून सुटते.

पार्श्वसंगीतही याच कारणामुळे संहितेतच ठरवावे. तंबोऱ्याचा मंद सूर खालच्या भागात राहतो आणि शब्दांना फारसा धक्का देत नाही. टाळ, झांज आणि घंटा मात्र नेमक्या त्या उंच भागात वाजतात जिथे व्यंजने असतात, त्यामुळे त्यांना ओवी सुरू होण्यापूर्वी एकदा आणि संपल्यानंतर एकदाच जागा द्यावी. आवाजाखालचे संगीत आवाजापेक्षा किमान २० डेसिबलने खाली असावे. आपल्याला ते जवळजवळ ऐकू येत नाही असे वाटू लागले, की ते योग्य पातळीवर आले, असे समजावे.

तिसरी पायरी: अक्षर आणि रंग यांची सूचना लिहिणे

संहिता लिहिणारा आणि चित्र तयार करणारा वेगळे असतील, तर दृश्याच्या सूचना संहितेच्या पहिल्या पानावर लिहून द्याव्यात. 'मोठे आणि स्पष्ट अक्षर' असे लिहून भागत नाही.

फॉन्ट मध्यम जाडीचा घ्यावा. Mukta किंवा Noto Sans Devanagari यांची मध्यम जाडी चांगली चालते. ठळक जाडी दुरून उठून दिसते खरी, पण देवनागरीत ठळक अक्षराच्या पोटातली जागा भरून जाते आणि 'घ' व 'ध', 'भ' व 'म', 'ष' व 'प' एकमेकांसारखे दिसू लागतात. 'श' आणि 'ल' यांची मराठी वळणे असलेला फॉन्ट घ्यावा, कारण ज्यांनी पाटीवर मराठी वळण गिरवले आहे, त्यांचा डोळा हिंदी वळणाच्या 'श'वर क्षणभर थबकतो. दोन ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवावे. त्याहून कमी ठेवले तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. 'तुझी' शब्दाचा उकार आणि त्याखालच्या ओळीची मात्रा यांची टक्कर मी स्वतःच्या व्हिडिओत पाहिलेली आहे.

रंगांच्या बाबतीत भक्तिपर व्हिडिओंची रूढ सवयच अडचणीची आहे. भगव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे मंगल वाटतात, पण #FF9933 या भगव्यावर #FF0000 हे लाल अक्षर ठेवले, तर दोन्हींमधला प्रकाशाचा फरक जेमतेम १.९ : १ भरतो. वेबवरील सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि कडक निकषात ७ : १ असे प्रमाण सांगितलेले आहे. गडद तपकिरी-लाल (#3B0A0A) पार्श्वभूमीवर दुधाच्या साईच्या रंगाची (#FFF4D6) अक्षरे ठेवली, तर हेच प्रमाण १५ : १ च्या आसपास जाते आणि मंगलपणाही हरवत नाही. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर काळे अक्षर हा कागदावरचा उत्तम उपाय आहे, पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पहाटेच्या अंधारात पांढरा पडदा दिपवतो.

ओळ 'उजळते' म्हणजे काय, हेही लिहून द्यावे. चालू ओळ पूर्ण साईच्या रंगात आणि दुसरी ओळ त्याच रंगाची थोडी मंद छटा, एवढेच. मंद छटाही वाचता येईल इतकी स्पष्ट हवी. शब्दागणिक सरकणारा रंग, वर चढत जाणारा मजकूर, फिरणारी फुले किंवा मूर्तीभोवतीची चमचमती किरणे टाळावीत, कारण डोळे उघडणाऱ्या माणसाची नजर आधी हालचालीकडे जाते आणि ओळ शोधण्याचा क्षण तिथेच संपतो. मूर्तीचे चित्र असावे, पण ते ओवीच्या पाटीमागे न ठेवता स्वतंत्र पाटीवर स्थिर ठेवावे.

अक्षरांची जागा सर्व पाट्यांवर तीच राहिली पाहिजे. पडद्याचा खालचा पाचवा भाग रिकामा ठेवावा, कारण बोट लागताच व्हिडिओचा प्लेअर तिथे आपली पट्टी आणतो, आणि उपशीर्षके चुकून सुरू झाली तर तीही तिथेच येतात.

चौथी पायरी: सुरुवात आणि शेवट

नव्या संहितांमध्ये सर्वांत जास्त शब्द वाया जातात ते इथे. "नमस्कार मंडळी, आपल्या चॅनलवर आपले पुन्हा एकदा मनःपूर्वक स्वागत आहे, आजच्या या व्हिडिओमध्ये आपण" अशी सुरुवात एखाद्या दिवशी ऐकायला बरी वाटते. रोज सकाळी तीच ऐकणाऱ्या माणसाला ती देवघराच्या दारात उभ्या असलेल्या विक्रेत्यासारखी वाटते. माझ्या संहितेतील पहिली पाटी दहा सेकंदांची असते. तिच्यावर 'सकाळची प्रार्थना' एवढीच अक्षरे असतात आणि आवाज म्हणतो: "शुभ सकाळ. सावकाश बसा. आता प्रार्थना म्हणूया." यातील 'सावकाश बसा' हे वाक्य शोभेसाठी नाही, व्हिडिओ लावून चष्मा शोधणाऱ्या माणसाला ते तेवढी उसंत देते.

अर्थ सांगावा की नाही, यावर माझे मत ठाम आहे: रोजच्या व्हिडिओत सांगू नये. पहिल्या दिवशी अर्थ हवासा वाटतो, दहाव्या दिवशी तो म्हणण्याच्या मधे येतो. अर्थाचा व्हिडिओ वेगळा करावा आणि त्याची संहिता वेगळ्या रीतीने, सलग बोलीत लिहावी.

शेवटी किमान २० सेकंदांची अक्षरे नसलेली स्थिर पाटी ठेवावी. यूट्यूबवर व्हिडिओच्या अखेरीस दुसऱ्या व्हिडिओंचे चौकोन दाखवण्याची सोय शेवटच्या ५ ते २० सेकंदांत असते. तिथे ओवी असेल, तर ते चौकोन थेट तिच्यावर येऊन बसतात. सबस्क्राइब करण्याची विनंती करायचीच असेल, तर ती व्हिडिओखालच्या वर्णनात लिहावी.

एकूण हिशोब आता सहज मांडता येतो. शीर्षकाची पाटी १० सेकंद. दोन ओव्यांची एक फेरी ४८ सेकंद. अशा तीन फेऱ्या १४४ सेकंद. त्यानंतर स्थिर मूर्ती आणि तंबोऱ्याचा सूर ६० सेकंद. शेवटची पाटी २० सेकंद. बेरीज २३४ सेकंद, म्हणजे चार मिनिटांना सहा सेकंद कमी. व्हिडिओ आठ मिनिटांच्या आत राहणे आणखी एका कारणाने बरे: यूट्यूबवर आठ मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओच्या मधोमध जाहिराती लावता येतात, आणि नामस्मरणाच्या मधे मोठ्या आवाजात जाहिरात आली तर दचकलेला माणूस पुन्हा त्या व्हिडिओकडे वळत नाही. मोठे स्तोत्र असेल आणि वेळ वाढणार असेल, तर मधल्या जाहिराती बंद ठेवण्याची नोंद संहितेच्या पहिल्याच पानावर करावी, म्हणजे अपलोड करणाऱ्याच्या लक्षात राहील.

पाचवी पायरी: तपासणी

कच्चा व्हिडिओ तयार झाला की तो एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या हातात द्यावा, फोन उभाच ठेवावा आणि पडद्याचा उजेड निम्म्यावर आणावा. "दिसतंय का? कळतंय का?" असे विचारू नये, आपल्या माणसाने केलेल्या गोष्टीला ते 'हो'च म्हणतात. "म्हणून दाखवता का?" असे विचारावे आणि गप्प बसून पाहावे. ओळीचा शेवट गुणगुणाटात विरला, तर जागा कमी पडते आहे. मान पुढे आली किंवा फोन डोळ्यांजवळ गेला, तर अक्षर लहान किंवा रंग मंद आहे. हात आवाजाच्या बटणाकडे गेला, तर आवाज वाढवण्याआधी संगीत कमी करून पाहावे. आणि मधेच "संपलं का?" असा प्रश्न आला, तर कुठलीतरी शांतता गरजेपेक्षा लांबली आहे.

मावशीसाठी दुसऱ्यांदा लिहिलेल्या संहितेत ओळी त्याच होत्या. बदलली होती ती फक्त प्रत्येक ओळीनंतरची जागा. या वेळी तिसऱ्या फेरीत तिने 'थकलेले गात्र'पाशी डोळे उघडले, ओळ पाहिली आणि लगेच पुन्हा मिटले. मी घड्याळाकडे पाहत होते. सगळे मिळून दोन सेकंदही लागले नसतील.

शुद्धलेखन तपासण्याचे काम मात्र प्रेक्षकावर सोडू नये. संहिता कागदावर छापून घ्यावी आणि पाट्या शेवटून पहिल्याकडे वाचाव्यात, म्हणजे पाठ असलेल्या ओळीच्या ओघात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नजरेआड होत नाही. यूट्यूबवर प्रसिद्ध केलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच पत्त्यावर सुधारित व्हिडिओ ठेवता येत नाही. नवा अपलोड करावा लागतो आणि त्याचा पत्ता बदलतो. कोणाच्या तरी मुलाने किंवा नातवाने जुना पत्ता फोनच्या पहिल्या पानावर ठेवून दिलेला असतो, आणि तो बदलून द्यायला नातू पुन्हा घरी येईपर्यंत आजी 'स्मरण'ऐवजी 'स्मरन' पाहतच प्रार्थना म्हणत राहते.